ईमेलने निविदा पाठवायची आहे: सोबतच्या पत्रात नेमकं काय लिहायचं? (कागदपत्रांची यादी आणि एकच संपर्क व्यक्ती)

मीनल_सांगली

नमस्कार मंडळी. भावाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, शाळेची बाकं, कपाटं, रॅक असं काम. फर्म त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, मी ऑफिसचं सगळं बघते. सातारा जिल्ह्यातल्या एका खासगी शिक्षणसंस्थेने 240 जोडबाकांसाठी निविदा मागवली आहे. पोर्टल वगैरे काही नाही, फक्त ईमेल. सूचनेत असं म्हटलंय:

18 तारखेला दुपारी 3 पर्यंत दिलेल्या ईमेल पत्त्यावर पोहोचली पाहिजे. तांत्रिक प्रस्ताव आणि दरपत्रक वेगवेगळ्या पीडीएफमध्ये, दरपत्रकाला पासवर्ड हवा, तो मागितल्यावरच सांगायचा. एका मेलचा आकार 10 एमबीच्या आत. बयाणा 25,000 रुपये एनईएफटीने. दर शाळेपोच, सर्व करांसह, उघडल्यापासून 90 दिवस कायम. आणि शेवटी: "सोबतच्या ईमेलमध्ये जोडलेल्या कागदपत्रांची यादी व एकाच संपर्क व्यक्तीचे नाव, हुद्दा, मोबाइल क्रमांक व ईमेल नमूद करावा."

मी मेलचा मसुदा केलाय (आकडा खरा नाही, नावं काढली आहेत):

> विषय: बेंचचे कोटेशन
>
> मा. महोदय, आपल्या जाहिरातीनुसार 240 बेंचसाठी आमचा सर्वोत्तम दर रु. 6,150 प्रति नग (जीएसटी वेगळा) सादर करत आहोत. स्टीलच्या बाजारभावानुसार दरात बदल होऊ शकतो. ऑर्डरसोबत 50 टक्के रक्कम आगाऊ मिळावी. सर्व कागदपत्रे सोबत जोडली आहेत. अधिक माहितीसाठी माझ्याशी किंवा माझ्या भावाशी संपर्क साधावा.

गेल्या वर्षी एका संस्थेने खुलासा मागवणारा मेल भावाच्या पत्त्यावर टाकला होता. तो चार दिवस साइटवर होता, मेल उघडलाच नाही आणि आम्ही बाद झालो. तेव्हापासून धास्ती बसली आहे. कृपया बघा आणि सांगा.

---

इस्लामपूरकर

ताई, मसुदा ठीक आहे. दोन गोष्टी. एक, संपर्क व्यक्ती म्हणून मालकाचंच नाव द्यावं लागतं. तुमचं दिलं तर निविदा बाद होईल, कारण सही त्याची आहे. दुसरं, 10 एमबीची चिंता करू नका. सगळं गूगल ड्राइव्हवर टाका आणि मेलमध्ये लिंक द्या. मी साखर कारखान्यांना माल देतो, आम्ही असंच करतो. आणि तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर बयाणा भरायची गरजच नाही, लघुउद्योगांना माफी आहे.

---

टेंडरभाऊ

मेलने निविदा चालतच नाही. mahatenders.gov.in वर डिजिटल सही घेऊन बिड भरावी लागते, दोन्ही लिफाफे तिथेच अपलोड होतात. मेलने पाठवलेली कुणी उघडणारसुद्धा नाही. आधी डोंगल घ्या, मग बाकीचं.

---

मीनल_सांगली

@टेंडरभाऊ, ही सरकारी निविदा नाही, खासगी संस्थेची आहे. त्यांनीच मेलवर मागवली आहे.

---

जुना_खरेदीवाला

मीनलताई, मी तीस वर्षं एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या खरेदी विभागात होतो. निविदा उघडणाऱ्या टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस आहे मी. तेव्हा तिकडून काय दिसतं ते सांगतो, म्हणजे मसुद्यात काय बदलायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

उघडण्याच्या वेळी समितीत तीन-चार जण असतात. एखादे प्राचार्य, एखादे विश्वस्त, लेखापाल. कारकून प्रत्येकाचा मेल उघडतो आणि पहिल्यांदा मेलच छापतो. तो कागद फाइलचं पहिलं पान होतो आणि त्यावर समितीच्या सह्या होतात. मग लेखापाल त्या कागदावरची यादी वाचतो, कारकून जोडलेल्या फाइली एकेक उघडून दाखवतो आणि यादीवर बरोबरच्या खुणा होतात. तुमचा मेल म्हणजे त्या टेबलावरची खुणा करायची पट्टी आहे. एवढं डोळ्यांसमोर ठेवा.

आता तुमच्या मसुद्यातली सर्वांत मोठी चूक. मेलमध्ये दर लिहिलाय. तांत्रिक लिफाफा आधी उघडायचा, त्यात जे पास होतील त्यांचेच दर नंतर उघडायचे, यासाठी त्यांनी दरपत्रकाला पासवर्ड लावायला सांगितलंय. आणि तुम्ही तो दर पहिल्याच पानावर उघडा लिहिलात. छापलेला मेल सगळ्यांच्या हातात जाणार, म्हणजे बाकांचा नमुना, पाइपची जाडी, प्लायचा दर्जा बघायच्या आधीच तुमचा भाव सगळ्यांना माहीत. आमच्याकडे अशी निविदा आम्ही बाजूला ठेवायचो, कितीही चांगला माल असला तरी. समितीला दुसरा मार्गच नसायचा, कारण बाकीचे निविदाकार हरकत घेतात आणि ती हरकत रास्त असते. तेव्हा मेलमध्ये आणि सोबतच्या पत्रात रुपयाचा एकही आकडा नको. बयाण्याचा तेवढा चालेल.

दुसरी चूक म्हणजे "स्टीलच्या बाजारभावानुसार दरात बदल होऊ शकतो" आणि "50 टक्के आगाऊ". सूचनेत दर 90 दिवस कायम म्हटलंय, करांसह शाळेपोच म्हटलंय. तुम्ही मेलच्या दोन ओळींत ते सगळं उलटं केलं. याला सशर्त निविदा म्हणतात. तुमचं दरपत्रक कितीही सरळ असलं तरी सोबतच्या पत्रातली शर्त त्याला चिकटते. स्टीलच्या भावाची भीती असेल तर ती दरात धरा, पत्रात लिहू नका. पैसे कधी मिळणार हे विचारायचं असेल तर शंका विचारायची मुदत असते, तेव्हा विचारा. ती मुदत गेली असेल तर त्यांच्या अटी मान्य करून भरा, नाहीतर भरू नका.

बाकी यादी आणि संपर्क व्यक्तीबद्दल सावकाश लिहितो, आत्ता जेवायला बोलावलंय.

---

मीनल_सांगली

काका, मनापासून धन्यवाद. दर मेलमध्ये लिहिला की पत्र पूर्ण वाटतं असं मला वाटत होतं. आणि स्टीलचं वाक्य भावाच्या आग्रहाखातर घातलं होतं, त्याला गेल्या खेपेला पाइपच्या भावाने फटका बसला होता.

---

इस्लामपूरकर

खरेदीवाले काका, दराचं पटलं. पण संपर्क व्यक्तीचं माझं म्हणणं खोटं आहे का? सही करणाऱ्याचंच नाव हवं ना?

---

जुना_खरेदीवाला

जेवण झालं. इस्लामपूरकर, सही करणारा वेगळा आणि संपर्क व्यक्ती वेगळी. पुष्कळ लोक हे दोन एकच समजतात म्हणून नीट सांगतो.

सही करणारा तो, ज्याच्या सहीने फर्म बांधली जाते. इथे फर्म भावाच्या एकट्याच्या मालकीची आहे, म्हणून दरपत्रकावर आणि पत्रावर सही त्याचीच हवी. संपर्क व्यक्ती म्हणजे ज्याला आम्ही फोन करतो आणि जो उत्तर देतो. सूचनेत "एकाच" हा शब्द का आला ते सांगतो. आमच्याकडे एका पुरवठादाराने दोन नावं दिली होती. लेखापालाने पहिल्याला फोन केला, तो म्हणाला बाकाची उंची 30 इंच. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी दुसऱ्याला फोन केला, तो म्हणाला 28. दोघंही खरं बोलत होते, एक मोठ्या वर्गाचं सांगत होता, दुसरा लहान वर्गाचं. पण फाइलीत दोन परस्परविरोधी नोंदी झाल्या आणि त्यावर पुढे वाद झाला. एक नाव म्हणजे एक उत्तर, एवढाच त्यामागचा हेतू.

म्हणून ताई, नाव तुमचंच द्या. भाऊ वेल्डिंग करत असताना फोन उचलणार नाही हे तुम्हालाच अनुभवाने माहीत आहे. खुलासा मागितला की बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांची मुदत असते. मोबाइल असा द्या की जो 90 दिवस तुमच्याच हातात राहील. ईमेल असा द्या की जो तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ बघता. शक्यतो निविदा ज्या पत्त्यावरून पाठवता तोच, म्हणजे त्यांनी नुसतं "रिप्लाय" केलं तरी उत्तर तुमच्याकडेच येईल.

एक काळजी मात्र घ्या. तुम्ही खुलासे द्याल, पण दर किंवा अट बदलणारं काही तुम्ही एकटीने फोनवर बोलायचं नाही. "लेखी विचारा, मालकाच्या सहीने उत्तर देते" असं म्हणायचं. आणि भावाच्या सहीचं चार ओळींचं अधिकारपत्र जोडा, की या निविदेच्या पत्रव्यवहारासाठी अमुक यांना संपर्क व्यक्ती नेमले आहे, दर व अटींबाबतची कागदपत्रे माझ्या सहीनेच ग्राह्य धरावीत.

---

कराडची_वकील

खरेदीवाले काकांशी सहमत, एक पुस्ती जोडते. अधिकारपत्रात ती मर्यादा लिहिणं खरंच महत्त्वाचं आहे. करार कायद्याच्या कलम 237 प्रमाणे, एजंटाला अधिकार आहे असं मालकाने स्वतःच्या शब्दांतून किंवा वागण्यातून तिसऱ्या माणसाला वाटू दिलं असेल, तर मालक बांधला जातो. नुसतं "संपर्क व्यक्ती" लिहून मेलने सगळी बोलणी ती करू लागली, तर उद्या "तिने डिलिव्हरी 20 दिवसांत मान्य केली होती" असं कोणी म्हणू शकेल. मर्यादा लिहिली असेल तर तो वाद मागे पडतो.

---

इस्लामपूरकर

ठीक आहे, हे मला माहीत नव्हतं. मी एकटाच मालक आणि एकटाच फोन उचलणारा, म्हणून कधी प्रश्न आला नाही. बयाण्याचं काय मग? उद्यमवाल्यांना माफी आहे हे तर नक्की.

---

जुना_खरेदीवाला

माफी आहे, पण ती सरकारी खरेदीत. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत नियम 170 मध्ये सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाण्यातून सूट दिली आहे. खासगी संस्थेला तो नियम बांधत नाही. त्यांच्या सूचनेत तसं लिहिलं असेल तरच मिळेल. मीनलताईंनी दिलेल्या मजकुरात ते नाही, तेव्हा 25,000 भरा आणि बँकेचा यूटीआर क्रमांक मेलमध्ये तारखेसह लिहा. लेखापाल त्यावरून खातं तपासतो. नुसतं "बयाणा भरला आहे" लिहिलं तर कोणती नोंद तुमची हे त्याला शोधत बसावं लागतं. फर्मच्या खात्यातून भरा, तुमच्या वैयक्तिक खात्यातून नको. नाव जुळत नाही म्हणून अडलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

---

मीनल_सांगली

उद्यम आहे, पण आम्ही भरणारच होतो. पण आता खरी अडचण वेगळीच दिसते. सगळे कागद स्कॅन केले तर 38 एमबी झाले. 10 एमबीत कसे बसवू? चार मेल करू का? की इस्लामपूरकरांनी म्हटल्याप्रमाणे लिंक देऊ?

---

तारवाली

मी मेल सर्व्हरचं काम करते, म्हणून या भागात बोलते.

लिंक नको. दोन कारणं आहेत. एक, ड्राइव्हवरची फाइल मुदत संपल्यावरही बदलता येते, मग 3 वाजता तिच्यात नेमकं काय होतं हे समितीला कसं कळणार? दुसरं, परवानगीची गडबड. समितीने उघडायला घेतलं आणि समोर "प्रवेशाची विनंती करा" असं पान आलं, की तुमची निविदा त्या क्षणी रिकामी आहे.

आता आकार. मेलमधून फाइल जाते तेव्हा ती अक्षरांत बदलून जाते, आणि त्यात दर 3 बाइटचे 4 होतात. म्हणजे फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. तुमची फाइल 9 एमबी असली तरी मेल 12 एमबीचा होतो आणि 10 ची मर्यादा असलेला सर्व्हर तो परत पाठवतो. तुम्हाला मात्र वाटतं, 9 च तर होती. म्हणून जोडलेल्या फाइलींची बेरीज 7 एमबीच्या आत ठेवा. जीमेलची स्वतःची मर्यादा 25 एमबी आहे, पण इथे समोरच्याची मर्यादा चालते.

38 एमबी झाले म्हणजे बहुतेक 600 डीपीआयवर रंगीत स्कॅन केलंय. 200 डीपीआय, करड्या रंगात करा. जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, बँकेचा रद्द चेक, सगळं नीट वाचता येतं. रंगीत फक्त बाकाचे फोटो ठेवा. जीएसटीचं प्रमाणपत्र तर पोर्टलवरून उतरवलेलं थेट पीडीएफच जोडा, छापून स्कॅन करू नका.

आणि एक गोष्ट, भाऊ डिजिटल सही करणार असेल तर. आधी सगळ्या पीडीएफ जोडा, लहान करा, पानांना क्रमांक द्या, आणि सगळ्यात शेवटी सही करा. सही केलेली पीडीएफ पुन्हा लहान केली किंवा "प्रिंट टू पीडीएफ" केली, तर सही तुटते. वरून चित्र दिसतं, पण उघडणाऱ्याला ती वैध म्हणून दिसत नाही.

---

सतीश_दुबई

चार मेल कराल तर माझा अनुभव ऐका. मी इथे एका बांधकाम कंपनीत एस्टिमेशन बघतो. एका कामाची बिड तीन मेलमध्ये गेली, विषयात "मेल 1/3, 2/3, 3/3" असं लिहून. कागदांची यादी फक्त पहिल्या मेलमध्ये होती. तिसरा मेल ग्राहकाच्या फिल्टरने अडवून ठेवला. त्यात पासवर्डची झिप होती, फिल्टरला आत काय आहे ते बघता येईना. त्यांच्याकडे दोनच मेल पोहोचले आणि त्यांनी दोनच्या हिशोबाने तपासलं. आम्हाला हे नऊ दिवसांनी कळलं.

त्यानंतर मी एक पद्धत ठेवली आहे. प्रत्येक मेलमध्ये पूर्ण यादी, तीच्या तीच, आणि प्रत्येक कागदासमोर तो कुठल्या मेलमध्ये आहे ते. मग एक मेल जरी पोहोचला तरी वाचणाऱ्याला कळतं की अजून काय यायला हवं. पण शक्य असेल तर एकाच मेलमध्ये बसवा. आणि झिप नको, पीडीएफच ठेवा.

---

कराडची_वकील

वेळेबद्दल, कारण हे नेहमी गोंधळाचं होतं. "मी 2.58 ला पाठवला" याला फारसा अर्थ नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 13 मध्ये, दोन्ही बाजूंनी वेगळं काही ठरवलं नसेल तर, असं आहे की समोरच्याने एखादी ठरावीक यंत्रणा नेमून दिली असेल, तर रेकॉर्ड त्या यंत्रणेत शिरतं तेव्हा ते मिळालं असं धरतात. इथे सूचनेत पत्ता दिलाय आणि "पोहोचली पाहिजे" असाच शब्द आहे. तेव्हा त्यांच्या सर्व्हरवर 3 च्या आत जायला हवं. आणि तोच मेल चुकून प्राचार्यांच्या वैयक्तिक पत्त्यावर टाकलात, तर नेमून दिलेल्या ठिकाणी तो गेलाच नाही. मग त्यांनी तो मेल उघडून घेतला, तेव्हाच तो मिळाला असं धरलं जाईल. म्हणून पत्ता टंकू नका, सूचनेतून उचलून चिकटवा.

---

तारवाली

बरोबर. मेलच्या मूळ रूपात "Received" अशा ओळी असतात. प्रत्येक सर्व्हर आपली वेळ त्यात टाकतो, आणि सर्वांत वरची ओळ शेवटच्या सर्व्हरची असते. वाद झाला तर समोरच्याच्या मेलमधली तीच ओळ बघतात. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत पाठवू नका. आदल्या दिवशी पाठवा, म्हणजे परत आला तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

---

मीनल_सांगली

सगळ्यांचं वाचून नवा मसुदा केला. फोटो लहान केले, करड्या रंगात स्कॅन केलं, एकूण 5.8 एमबी झाले. फाइलींची नावं अशी ठेवली आहेत:

```
01_Covering_Letter.pdf
02_Authority_Letter.pdf
03_GST_PAN_Udyam.pdf
04_EMD_UTR.pdf
05_Technical_Offer.pdf
06_Work_Orders.pdf
07_Price_Bid.pdf
```

आणि मेल:

> विषय: निविदा क्र. __ – 240 जोडबाकांचा पुरवठा – (फर्मचे नाव) – प्रस्ताव सादर
>
> प्रति, मा. सचिव, (संस्था)
>
> महोदय,
>
> आपल्या दि. __ च्या निविदा सूचनेनुसार आमचा तांत्रिक प्रस्ताव व दरपत्रक सोबत सादर करत आहोत. निविदेतील सर्व अटी आम्हांस मान्य आहेत. प्रस्ताव उघडल्यापासून 90 दिवस कायम राहील. दरपत्रकाचा पासवर्ड आपण मागितल्यावर कळवू.
>
> सोबत 7 फाइली, एकूण 31 पृष्ठे, याच एका मेलमध्ये:
> 1. सोबतचे पत्र, मालकाच्या सहीने – 1 पृष्ठ
> 2. संपर्क व्यक्तीचे अधिकारपत्र – 1 पृष्ठ
> 3. जीएसटी, पॅन, उद्यम प्रमाणपत्र – 5 पृष्ठे
> 4. बयाणा रु. 25,000, यूटीआर क्र. __, दि. __ – 1 पृष्ठ
> 5. तांत्रिक प्रस्ताव, आकृती व फोटोंसह – 14 पृष्ठे
> 6. मागील तीन कामांचे आदेश व पूर्णत्व दाखले – 7 पृष्ठे
> 7. दरपत्रक, पासवर्ड लावलेले – 2 पृष्ठे
>
> या निविदेसाठी एकमेव संपर्क व्यक्ती: (नाव), कार्यालय व्यवस्थापक, मोबाइल __, ईमेल __.
>
> कृपया पोच द्यावी.
>
> आपला विश्वासू, (मालकाचे नाव), (फर्म)

सूचनेत आठवी बाब "उत्पादकाचे अधिकारपत्र" होती. आम्हीच उत्पादक आहोत म्हणून ती काढली.

---

जुना_खरेदीवाला

छान झालाय. आता कारकुनाला अंदाज बांधायची वेळ येणार नाही. तीन दुरुस्त्या.

आठवी बाब काढू नका. त्यांच्या सूचनेतला क्रम तसाच ठेवा, आणि त्या क्रमांकासमोर "लागू नाही, आम्ही स्वतः उत्पादक आहोत" असं लिहा. लेखापाल त्यांची यादी आणि तुमची यादी शेजारी ठेवून वाचतो. त्यांची आठ आणि तुमची सात असेल, तर तो "एक कमी" असं लिहितो. का कमी याचा विचार नंतर होतो, कधी कधी होतच नाही.

दुसरं, आकडे पुन्हा जुळवा. 1, 1, 5, 1, 14, 7, 2 ही बेरीज 31 च होते, बरोबर आहे. पण फाइली उघडून पानं मोजा, तुमच्या डोक्यातली संख्या लिहू नका. मागील कामांचा दाखला दोन्ही बाजूंनी असतो आणि स्कॅन करताना मागची बाजू राहते, हे मी असंख्य वेळा पाहिलंय.

तिसरं, पाठवणारी तुम्ही आणि खाली नाव मालकाचं. असं चालतं, कारण सहीचं पत्र जोडलेलं आहे. पण शेवटी "यांच्या वतीने, (तुमचं नाव)" अशी ओळ घाला. नाहीतर मेलमधलं नाव एक, पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं नाव दुसरं, आणि समितीला शंका.

---

इस्लामपूरकर

एक विचारू? मेलमध्येच एवढं सगळं लिहिलं असेल, तर पहिली फाइल म्हणजे ते सोबतचं पत्र वेगळं कशाला? दोन्हीत तेच.

---

जुना_खरेदीवाला

मेलवर सही नसते. लेटरहेडवर मालकाच्या सहीने "अटी मान्य" असं लिहिलेलं पत्र फाइलीत लागतं. मी तरी ते मागायचोच.

---

सतीश_दुबई

इथे उलट मत असलेले लोक आहेत. दोन ठिकाणी तेच लिहिलं की दोहोंत फरक राहतो. मेलमध्ये 90 दिवस आणि पत्रात जुन्या मसुद्यातले 60 असं एकदा आमच्याकडे झालं. मी मेल छोटा ठेवतो आणि यादी फक्त पत्रात देतो.

---

जुना_खरेदीवाला

सतीश, तुमच्याकडचं असेल. पण या सूचनेत यादी ईमेलमध्येच मागितली आहे, तेव्हा मेलमध्ये हवीच. फरक राहू नये म्हणून पत्रात यादी न देता "यादी सोबतच्या ईमेलप्रमाणे" असं लिहिता येईल. मला स्वतःला दोन्हीकडे पूर्ण यादी बरी वाटते.

---

तारवाली

पासवर्डबद्दल मला एक खटकतं. दरपत्रकाची चावी निविदाकाराच्याच हातात. तांत्रिक टप्प्यानंतर एखाद्याला वाटलं की आपण घाट्यात चाललोय, तर तो "पासवर्ड आठवत नाही" म्हणू शकतो. मग काय करायचं?

---

कराडची_वकील

तेव्हा बयाणा जप्त करता येतो, सूचनेत तशी अट असेल तर. पण खरंच विसरला की मुद्दाम म्हणाला, हे सिद्ध करणं अवघड आहे. मीनल, तुमच्या बाजूने एवढं करा: पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि भावालाही सांगा. एकट्या तुमच्या फोनमध्ये नको.

---

मीनल_सांगली

17 तारखेला सकाळी 11.40 ला मेल गेला. पाठवण्याआधी भावाने पानं मोजली. सहाव्या फाइलीत 7 नव्हे, 8 निघाली. एका दाखल्याची मागची बाजू आम्ही आधी मोजलीच नव्हती, यादी बदलून एकूण 32 केली. आठव्या बाबीसमोर "लागू नाही" लिहिलं. दुपारी 1 वाजेपर्यंत पोच आली नाही म्हणून फोन करावासा वाटत होता, पण इथे सगळ्यांनी लेखीचा आग्रह धरलाय म्हणून एका ओळीचा मेल टाकला. चार वाजता "प्राप्त" असं उत्तर आलं.

---

मीनल_सांगली

(आठ दिवसांनी) काल दुपारी माझ्या मोबाइलवर फोन आला. तांत्रिक समितीचे एक सदस्य होते. पाचव्या फाइलीत पान 9 वर पाइप 25 बाय 25 लिहिलाय, जाडी कुठे आहे? आकृतीत होती, पण तक्त्यात नव्हती. मी म्हटलं, लेखी विचारा, आज उत्तर देते. तासाभरात मेल आला, उत्तराची मुदत दुसऱ्या दिवशी 12 पर्यंत. भावाच्या सहीने, आकृतीच्या पान क्रमांकाचा उल्लेख करून, साडेपाचला उत्तर गेलं. तो तेव्हा मिरजेत एका शाळेच्या छतावर होता. त्याला फोटो पाठवून मजकूर वाचून दाखवला, सहीसाठी मी स्कूटरवर जाऊन आले.

---

जुना_खरेदीवाला

उत्तरात नवीन काही घातलं नाहीत ना? आकृतीत जे होतं तेवढंच?

---

मीनल_सांगली

तेवढंच. भावाला "पावडर कोटिंगही जास्त जाड देऊ" असं घालायचं होतं, ते मी काढलं.

---

जुना_खरेदीवाला

बरोबर केलंत. आता पासवर्ड मागतील तेव्हा तो फोनवर सांगू नका. मेलने पाठवा, आणि त्यांनी ज्या पत्त्यावरून मागितला असेल तो सूचनेतलाच आहे का, ते आधी बघा.